शैक्षणिक चित्रफितींतील साधनचिकित्सा आणि संदर्भनिर्देश : शिवजन्मतिथीच्या वादाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

२०२० च्या टाळेबंदीनंतर महाविद्यालयीन अध्यापनात शैक्षणिक चित्रफितींचा वापर रूढ झाला. वर्ग पुन्हा भरू लागले तरी त्या काळात तयार झालेल्या चित्रफिती संकेतस्थळांवर राहिल्या आणि विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री आजही त्या पाहतात. वर्गातील व्याख्यानात एखादे वर्ष चुकीचे सांगितले गेले, तर पुढच्या तासाला ते दुरुस्त करता येते. चित्रफितीतील चुकीचे वर्ष मात्र अध्यापकाच्या नावानिशी वर्षानुवर्षे ऐकले जाते. त्यामुळे चित्रफितीतील विधानाची शहानिशा कशी करावी आणि तिचा आधार प्रेक्षकासमोर कसा ठेवावा, हा इतिहासाच्या अध्यापकासमोरील व्यावहारिक प्रश्न झाला आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार एकाच उदाहरणाच्या आधारे केला आहे. हे उदाहरण छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे आहे. या विषयावर मराठीत असंख्य चित्रफिती उपलब्ध आहेत, साधने प्रकाशित आहेत, वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे आणि प्रेक्षकांच्या भावनाही त्यात गुंतलेल्या आहेत. चित्रफितीच्या अखेरीस पाच-सात ग्रंथांची नावे सरकवून देणे म्हणजे संदर्भनिर्देश नव्हे. विधानापासून मूळ कागदापर्यंतचा मार्ग प्रेक्षकाला स्वतः चालून पाहता आला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि पुढील विवेचन त्याच मताच्या समर्थनार्थ आहे.

धुळ्यातील परंपरा

हा आग्रह खानदेशाला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्यात होते आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. १९२७ मध्ये त्यांच्या नावाने धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जतन केला. अमळनेरच्या अभ्यासकाला इतिहासाचा मूळ कागद कसा दिसतो हे पाहण्यासाठी पुणे गाठावे लागत नाही. धुळे अगदी जवळ आहे, आणि रामदासी हस्तलिखितांसाठी तेथेच समर्थ वाग्देवता मंदिरही आहे.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी १७५० ते १७६१ या काळातील मूळ पत्रे छापली आणि प्रदीर्घ प्रस्तावनेत बखरींतील विधाने त्या पत्रांशी ताडून पाहिली. बखर घटनेनंतर बऱ्याच काळाने, ऐकीव माहितीवर लिहिली जाते. पत्र घटनेच्या वेळी, कामापुरते लिहिले जाते. म्हणून दोहोंत विरोध आला तर पत्राला झुकते माप द्यावे, हा त्यांचा दंडक होता. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. राजवाड्यांचे कितीतरी निष्कर्ष, विशेषतः त्यांच्या काही व्युत्पत्ती, पुढील पिढीने नाकारल्या. तरीही त्यांनी छापलेली पत्रे आजही वापरली जातात. त्यांच्याशी मतभेद असणारा अभ्यासकही त्यांच्याच खंडातील पत्र हाती घेऊन मतभेद मांडू शकतो. निष्कर्ष कालबाह्य झाला तरी विश्वास टिकला, कारण आधार उघडा होता. चित्रफीत तयार करणाऱ्यास यापेक्षा चांगला धडा क्वचितच मिळेल.

एक विधान, तीन साधने

‘शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला’ हे वाक्य चित्रफितीत उच्चारण्यास सहा-सात सेकंद लागतात. त्याची शहानिशा कशी करावी, हे क्रमाने पाहू.

एकोणिसाव्या शतकात जन्मवर्ष १६२७ मानले जात असे. काही बखरींत शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी येते. ग्रँट डफनेही १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात १६२७ हेच वर्ष दिले, आणि त्याच्या ग्रंथावरून ते शालेय पुस्तकांत उतरले. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये ‘केसरी’तून जन्मतिथीच्या प्रश्नाची चर्चा केली. पुढे भोर संस्थानातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे त्यांनी ती प्रकाशित केली. शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांच्या तिथीवार नोंदी तिच्यात आहेत. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असा नोंदविला आहे.

दुसरे साधन कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य होय. कवी महाराजांचा समकालीन होता. काव्याची हस्तलिखित प्रत तंजावरला मिळाली आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन कृष्ण तृतीया हीच तिथी आढळते. तिसरे साधन राजस्थानात मिळालेली जन्मपत्रिका होय. तीही याच तिथीला दुजोरा देते.

चित्रफितीत ‘अनेक इतिहासकारांच्या मते’ असे म्हटले जाते तेव्हा प्रेक्षकाला आवाजांची संख्या कळते, साक्षींची कळत नाही. दहा चित्रफितींनी एकच लेख वाचून १६३० सांगितले तर साक्ष एकच असते. उलट शकावली मावळातील देशमुखांच्या घरची, काव्य तंजावरच्या संग्रहातले आणि पत्रिका राजस्थानातली असेल, तर एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिल्याची शक्यता कमी होते. ही तीन ठिकाणे नकाशावर दाखविण्यास चित्रफितीत दहा सेकंद पुरतात, आणि मुद्रित ग्रंथापेक्षा चित्रफीत हे काम अधिक चांगले करते.

वाद मात्र येथे संपला नाही. १९६६ मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या इतिहासतज्ज्ञांच्या समितीत एकमत झाले नाही. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ मध्ये स्वीकारली. म्हणून ‘शासनाने मान्य केलेली तारीख’ आणि ‘साधनांवरून सिद्ध होणारी तारीख’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दोन्हींचे उत्तर आज एकच असले तरी त्यांचे आधार निरनिराळे आहेत, आणि चित्रफितीत त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

तिथीपासून तारखेपर्यंत

खरी अडचण यापुढे आहे. शकावलीत १९ फेब्रुवारी कोठेही लिहिलेले नाही. ती तारीख गणिताने काढलेली आहे, आणि बहुतेक चित्रफिती नेमके हे गणितच झाकून ठेवतात.

शकाच्या अंकात ७८ मिळविले की सामान्यतः इसवी सन मिळतो. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना असल्याने तोपर्यंत जानेवारी उलटून इसवी सन एकाने पुढे गेलेला असतो, म्हणून १६३०. शके १५५१, जन्म १६२९ असे लिहिणारा येथेच घसरलेला असतो. संवत्सराच्या नावानेही पडताळा घेता येतो. साठ संवत्सरांच्या चक्रात शके १५४९ हे प्रभव, १५५० हे विभव आणि १५५१ हे शुक्ल येते. शिवभारतातील संवत्सराचे नाव शकाशी जुळते, म्हणजे प्रत करणाऱ्याच्या हातून शकाचा अंक बिघडलेला नाही.

नक्षत्राचाही पडताळा आहे. फाल्गुनी पौर्णिमेस चंद्र सामान्यतः पूर्वा किंवा उत्तरा फाल्गुनीच्या आसपास असतो. उत्तरेनंतर हस्त, त्यानंतर चित्रा. वद्य तृतीयेला हस्त असणे या क्रमाला धरून आहे. तेथे रोहिणी किंवा श्रवण लिहिलेले असते, तर नोंदीवर शंका घ्यावी लागली असती.

राहिला वार. शकावलीने शुक्रवार सांगितला आहे. येथे बहुतेक जण मोबाइलमधील एखाद्या दिनदर्शिकेत १९ फेब्रुवारी १६३० शोधतात, वार मंगळवार येतो आणि मग शकावलीच खोटी ठरविली जाते. कारण साधे आहे. इतिहासग्रंथांतील १९ फेब्रुवारी ही जुलियन पद्धतीची तारीख आहे, तर दिनदर्शिका आजची ग्रेगोरियन पद्धत मागे नेऊन वापरते. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. १६३० च्या फेब्रुवारीत २८ दिवस असल्याने जुलियन १९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च. ग्रेगोरियन वारांचे चक्र बरोबर चारशे वर्षांनी तसेच फिरून येते. म्हणून १ मार्च १६३० चा वार पाहण्यासाठी १ मार्च २०३० चा वार पाहिला तरी चालते. तो शुक्रवार आहे. कोणत्याही मोबाइलवर हा पडताळा प्रेक्षक स्वतः घेऊ शकतो. शक, संवत्सर, नक्षत्र आणि वार एकमेकांशी जुळले, की ‘तज्ज्ञ सांगतात’ असे म्हणण्याची गरज उरत नाही.

हा फरक एका तिथीपुरता नाही. इंग्लंडने ग्रेगोरियन पद्धत १७५२ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. पोर्तुगालने ती १५८२ मध्येच स्वीकारली होती. त्यामुळे सतराव्या शतकातील गोव्याचा पोर्तुगीज कागद आणि सुरतेच्या वखारीतील इंग्रजी कागद एकाच दिवशी लिहिलेले असले, तरी त्यांवरील तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली. तत्कालीन इंग्रजी रिवाजाप्रमाणे तो जानेवारी १६६३ होता. मूळ पत्राचे छायाचित्र चित्रफितीत दाखवून वर निवेदनात १६६४ म्हटले, तर सावध विद्यार्थ्याला ती चूक वाटेल. न सांगितलेले रूपांतर हे असे अविश्वासाचे कारण ठरते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘जुनी पद्धत’ एवढे दोन शब्द असले, तरी पुष्कळ काम होते.

संहितेतील शिस्त

शहानिशा ही चित्रीकरणानंतरची डागडुजी नव्हे. ती संहितेतच झाली पाहिजे. संहिता दोन रकान्यांत लिहिणे हा त्यासाठी सोपा उपाय आहे. डाव्या रकान्यात निवेदनाचे वाक्य, उजव्या रकान्यात ग्रंथाचे नाव, आवृत्तीचे वर्ष, पृष्ठ, आणि ते साधन समकालीन, उत्तरकालीन की आधुनिक याची एका शब्दाची नोंद. ज्या वाक्यासमोरचा उजवा रकाना कोरा राहील ते वाक्य काढावे किंवा ‘अशी आख्यायिका आहे’ या स्वरूपात ठेवावे. प्रत्येक वाक्याला आधार हवा असे नाही. शिवनेरी जुन्नरजवळ आहे यासाठी पृष्ठक्रमांक देणे हास्यास्पद होईल. तारीख, संख्या, कोणाच्या तोंडी घातलेले शब्द आणि वादग्रस्त विधान, एवढ्यांसाठी मात्र रकाना भरलाच पाहिजे.

उजव्या रकान्यात उसना संदर्भ येण्याचा धोका असतो. आधुनिक ग्रंथाच्या तळटीपेत शकावलीचे पृष्ठ दिलेले असते आणि शकावली न पाहताच ते पृष्ठ आपल्या संहितेत उतरते. तळटीपेत मुद्रणदोष असेल तर तोही बरोबर येतो. चार ठिकाणी तोच चुकीचा पृष्ठक्रमांक दिसला तर चौघांपैकी निदान तिघांनी मूळ ग्रंथ उघडला नाही असे खुशाल समजावे. मूळ पाहता आले नसेल तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. संहिता पुरी झाल्यावर ती सहकाऱ्याकडे द्यावी आणि त्याने त्यातील चार-पाच विधाने निवडून, लेखकाला न विचारता, दिलेल्या पृष्ठावर ती सापडतात का ते पाहावे. सहकारी इतिहासाचाच असावा असे नाही. भौतिकशास्त्राचा अध्यापक अनेकदा अधिक चांगले प्रश्न विचारतो.

चित्रांबाबतही हीच शिस्त लागते, कारण चित्रफितीत चित्र हे स्वतःच एक विधान असते. वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या ग्रंथातील महाराजांचे चित्र पुढे आणेपर्यंत दुसऱ्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून पुस्तकांत छापले जात होते, ही गोष्ट इतिहासाच्या अध्यापकांना परिचित आहे. आज धोका थोडा निराळा आहे. विसाव्या शतकातील चित्रकाराने कल्पनेने रंगविलेला प्रसंग निवेदनाच्या मागे दाखविला जातो आणि प्रेक्षक त्यातील पोशाख, तोफा व तटबंदी पुरावा म्हणून लक्षात ठेवतो. चित्राखाली ‘आधुनिक कल्पनाचित्र’ अशी ओळ असावी. ज्या संस्थेच्या संग्रहातून कागदाचे छायाचित्र घेतले तिची परवानगी व नाव यांचा निर्देशही त्याच ठिकाणी करावा.

संदर्भ कोठे द्यावा

सामान्यतः संदर्भ चित्रफितीखालील वर्णनात दिले जातात. यूट्यूबवर वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच सुरुवातीला दिसतात. बाकीचे उघडावे लागते. हे चालण्यासारखे आहे, कारण ज्याला पडताळा घ्यायचा आहे तो उघडेलच. परंतु चित्रफिती मूळ ठिकाणीच पाहिल्या जातात असे नाही. त्यांतील दीड-दोन मिनिटांचा तुकडा कापून व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतो आणि वर्णन मागेच राहते. पडद्यावरील ओळ मात्र तुकड्याबरोबर जाते. म्हणून जन्मतिथीचे वाक्य उच्चारले जात असताना खाली ‘जेधे शकावली, शके १५५१ ची नोंद, प्रकाशन १९१६’ ही ओळ चार-पाच सेकंद दिसली पाहिजे, आणि सविस्तर आवृत्ती व पृष्ठ वर्णनात, त्या क्षणाच्या वेळेसह. नुसता दुवा देऊन थांबू नये. संकेतस्थळे बंद पडतात. ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठ मात्र ग्रंथालयात शोधता येते. पडद्यावर ओळींची गर्दी झाली तर विद्यार्थी ना ऐकतो ना वाचतो, हेही ध्यानात ठेवावे. दहा मिनिटांत पाच-सहा ओळी पुरेशा होतात.

साधने उघडी ठेवण्याचा एक परिणाम असा, की चुका इतरांना सापडतात. म्युनिच येथील ‘कुर्त्सगेझाग्ट’ ही विज्ञानविषयक चित्रफिती काढणारी संस्था प्रत्येक विषयाची साधनसूची स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. तिने मार्च २०१९ मध्ये आपल्या चित्रफितींवर विश्वास ठेवावा का, याच प्रश्नावर एक चित्रफीत काढली आणि व्यसनाधीनता व निर्वासितांचा प्रश्न या विषयांवरील आपल्या दोन जुन्या चित्रफिती मागे घेतल्या. व्यसनाधीनतेवरील चित्रफीत मुख्यतः एकाच लेखकाच्या मांडणीवर उभी होती. म्हणजे ती निराधार नव्हती. तिची साक्ष एकेरी होती. आपल्याकडील एका बखरीवर आधारलेल्या चित्रफितींची स्थिती याहून वेगळी नाही.

संपूर्ण चित्रफीत मागे घेण्याइतकी चूक मोठी नसेल तेव्हा काय करावे? यूट्यूबवर एकदा चढविलेली चित्रफीत त्याच दुव्यावर बदलून दुसरी ठेवता येत नाही. भाग कापता येतो, काही अस्पष्ट करता येते. परंतु चुकलेल्या शब्दाच्या जागी बरोबर शब्द घालता येत नाही. नवी चित्रफीत चढविली तर जुन्या दुव्याने येणारा विद्यार्थी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २०२२ मध्ये या कंपनीने दुरुस्तीची एक सोय आणली. वर्णनात ठरलेल्या इंग्रजी शब्दाखाली वेळ आणि मजकूर लिहिला, की त्या क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात दुरुस्तीची सूचना दिसावी, अशी ती योजना होती. आपल्या उदाहरणात निवेदकाने कोणतीही पद्धत न सांगता नुसते १ मार्च म्हटले असेल, तर दुरुस्ती अशी होईल :

```
Correction:
4:12 ही तारीख ग्रेगोरियन आहे. इतिहासग्रंथांतील जुलियन तारीख १९ फेब्रुवारी १६३०.
```

दुरुस्तीत चूक काय होती हेही लिहिले आहे, ही बाब महत्त्वाची. नुसती योग्य तारीख दिली असती, तर १ मार्च कोठून आला हे प्रेक्षकाला कधीच कळले नसते, आणि पुढच्या वेळी ती तारीख दुसरीकडे दिसली की तो पुन्हा गोंधळला असता. अर्थात ही सूचना मूळ दुव्यावर येणाऱ्यालाच दिसते. गटांत फिरणाऱ्या तुकड्यापर्यंत ती जात नाही; तेथे जाते ती केवळ पडद्यावर कोरलेली ओळ, आणि ती चित्रीकरणापूर्वी उजव्या रकान्यात जे लिहिले गेले असेल तेवढीच असते.